चेक बाउन्सच्या नोटिशीतला एक परिच्छेद दुकानदाराला सोप्या मराठीत लिहून द्यायचा आहे, अर्थ न बदलता

वहीखातं_नौपाडा

नमस्कार मंडळी. मी ठाण्यात जांभळी नाक्याच्या आसपासच्या काही दुकानांचे हिशेब बघते. त्यातल्या एका किराणा आणि सुकामेव्याच्या दुकानाच्या काकांना तुर्भ्याच्या मसाला मार्केटमधल्या व्यापाऱ्याच्या वकिलांकडून चेक न वटल्याची नोटीस आली आहे. नोटीस मराठीतच आहे. पण काका ती घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, "ताई, यात मला नेमकं काय करायला सांगितलंय ते आपल्या रोजच्या बोलण्यात लिहून दे. वकिलाकडे जाणारच आहे, पण जाताना मला माहीत असलं पाहिजे की कशासाठी जातोय."

शेवटचा परिच्छेद असा आहे. नावं काढली आहेत, आकडे तेच ठेवले आहेत:

"सबब, या नोटिशीद्वारे आपणांस कळविण्यात येते की, सदरची नोटीस आपणांस प्राप्त झाल्यापासून १५ दिवसांचे आत वर नमूद अनादरित धनादेशाची रक्कम रुपये १,८५,०००/- आमचे अशिलास अदा करावी, तसेच सदर रकमेवर धनादेशाचे तारखेपासून प्रत्यक्ष अदायगीपर्यंत द.सा.द.शे. १८ टक्के दराने व्याज व सदर नोटिशीचा खर्च रुपये ५,५००/- स्वतंत्रपणे अदा करावा. आपण धनादेशाची रक्कम विहित मुदतीत अदा करण्यात कसूर केल्यास आमचे अशील आपणाविरुद्ध निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट, १८८१ चे कलम १३८ अन्वये सक्षम न्यायालयात फौजदारी तक्रार दाखल करतील, तसेच सदर रक्कम वसूल करणेकामी दिवाणी दावा दाखल करण्याचा त्यांचा हक्क राखून ठेवीत आहेत, व त्याचे सर्व खर्चास व परिणामास आपण सर्वस्वी जबाबदार राहाल, याची नोंद घ्यावी."

हे मला सोपं करायचं आहे, पण सोपं करताना एखादी गोष्ट गळली किंवा माझ्याकडून जास्तीची घातली गेली तर काका त्यावरच विसंबून पैसे भरतील किंवा भरणार नाहीत. कोणी जाणकार असेल तर सांगा, यातलं काय हलवायचं नाही?

ठोकताळा

कोपरीला माझं हार्डवेअरचं दुकान आहे, अशा नोटिसा पाहिल्या आहेत. एवढं अवघड नाही हो ताई. काकांना असं लिहून द्या:

"तुमचा चेक बाउन्स झालाय. १५ दिवसांत व्याज आणि वकिलाच्या खर्चासकट सगळे मिळून पैसे भरा. नाही भरले तर ठाणे कोर्टात पोलीस केस होईल, दोन वर्षांची जेल होऊ शकते, आणि सगळा खर्च तुमच्या डोक्यावर येईल."

चार ओळीत विषय संपला. आणि हे १५ दिवस नोटिशीवर जी तारीख असते तिथून मोजायचे, म्हणजे काका सेफ राहतील.

ऐरोलीकर

मला पण गेल्या वर्षी नोटीस आली होती. दुकानाच्या जागेच्या मालकाने पाठवलेली, भाडं थकलं म्हणून. त्यात ९० दिवस लिहिले होते. मग तुमच्या काकांना १५ च कसे? वकिलाने मुद्दाम कमी मुदत दिली असेल, घाबरवायला. काकांना सांगा ९० दिवस मिळतात.

कोर्टनाका

ऐरोलीकर, तुमची नोटीस वेगळ्या कायद्याखालची. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात, म्हणजे १९९९ च्या, थकलेल्या भाड्याची लेखी मागणी पोचल्यावर ९० दिवस उलटेपर्यंत मालकाला त्या कारणावरून जागा खाली करण्याचा दावा लावता येत नाही. ते ९० तिथले. चेकच्या प्रकरणात कायद्यानेच १५ दिवस दिले आहेत, वकिलाने कमी केलेले नाहीत. कृपा करून काकांपर्यंत ९० चा आकडा जाऊ देऊ नका.

आता ताईंच्या प्रश्नाकडे येतो. वकिलांच्या ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागलो आणि पुढे आयुष्य नोटिसा तयार करण्यातच गेलं, म्हणून थोडं लांबण लावतो.

ठोकताळा यांनी जे लिहिलं आहे ते ऐकायला सोपं आहे, पण त्यात परिच्छेदाचं म्हणणंच बदललं आहे. सगळ्यात मोठा बदल "सगळे मिळून" या दोन शब्दांत आहे. मूळ परिच्छेदात चेकची रक्कम एकीकडे आहे आणि व्याज-खर्च "स्वतंत्रपणे" असं दुसरीकडे आहे. ही वाटणी शोभेसाठी केलेली नाही. कलम १३८ खाली गुन्हा ठरतो तो चेकची रक्कम १५ दिवसांत न दिल्यामुळे. व्याज न दिल्यामुळे नाही, नोटिशीचा खर्च न दिल्यामुळेही नाही. नोटिशीत या जादा रकमा वेगळ्या दाखवलेल्या असतील तर नोटीस चालते, आणि सगळं एका आकड्यात कालवलं, चेकची रक्कम त्यातून वेगळी काढताच येत नसेल, तर नोटिशीवरच आक्षेप येतो. सुप्रीम कोर्टाचा २००० सालचा निकाल याच मुद्द्यावर आहे. म्हणून वकील "स्वतंत्रपणे" हा शब्द जपून घालतात.

आता काकांच्या बाजूने बघा. त्यांनी मुदतीत १,८५,००० भरले आणि व्याज-खर्च भरले नाहीत, तर १३८ ची तक्रार उभी राहत नाही. उरलेल्या रकमेचा वाद दिवाणी राहतो. पण तुमचं सोपं मराठी वाचून काकांना वाटेल की एक लाख नव्वद हजार पाचशे अधिक व्याज एवढं एकरकमी जमलं नाही तर काहीच भरून उपयोग नाही. म्हणजे ज्या माणसाकडे १,८५,००० आहेत तो ते न भरता बसून राहील, आणि त्या चार ओळींमुळेच त्याच्यावर केस होईल.

ठोकताळा

हे मला पटलं. रक्कम वेगळी ठेवायला पाहिजे. पण बाकीचं तरी बरोबर आहे ना?

कोर्टनाका

दोन गोष्टी अजून. "ठाणे कोर्टात" असं मूळ परिच्छेद म्हणत नाही, तो "सक्षम न्यायालयात" म्हणतो. २०१५ च्या दुरुस्तीनंतर चेक खात्यात जमा करायला टाकला असेल तर तक्रार चेक घेणाऱ्याचं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या कोर्टात जाते. तुर्भ्याच्या व्यापाऱ्याचं खातं वाशीला असेल तर काकांना बेलापूरला जावं लागेल. आपण ठाणे लिहिलं, आणि समन्स बेलापूरचं आलं, तर काका म्हणतील हे दुसरंच काहीतरी आहे. मूळ लिहिणाऱ्याने कोर्टाचं नाव घातलेलं नाही, आपणही घालायचं नाही. "योग्य त्या कोर्टात" एवढंच.

"पोलीस केस" तर मुळीच नाही. ही तक्रार थेट मॅजिस्ट्रेटकडे होते, पोलीस स्टेशनला गुन्हा नोंदवून नाही. आणि दोन वर्षांचं म्हणाल तर कायद्यात ते आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण या परिच्छेदात ते लिहिलेलं नाही. काकांना तोंडी सांगा, हवं तर वेगळ्या कागदावर लिहा. परिच्छेदाच्या सोप्या रूपात घातलंत तर पाठवणाऱ्याने न दिलेली धमकी तुम्ही त्याच्या तोंडी घातलीत.

आणि तुमच्याकडून एक गोष्ट गळली आहे. दिवाणी दाव्याचा हक्क राखून ठेवला आहे, ते वाक्यच नाही. तो हक्क राखणं म्हणजे "दावा करू" असं सांगणं नव्हे, आणि "करणार नाही" असंही नव्हे. तेवढंच आणि तसंच उतरलं पाहिजे.

मधुरा_वाशी

मी शाळेत मराठी शिकवते आणि अधूनमधून संस्थांची माहितीपत्रकं सोपी करून देते. कोर्टनाका काकांचं वाचून एक पद्धत सुचते, जी मी स्वतः वापरते. मूळ परिच्छेदाचे आधी तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यात एकच गोष्ट. मग प्रत्येक तुकड्यासमोर सोपं वाक्य. शेवटी उलटं तपासायचं: माझ्या प्रत्येक वाक्याला मूळात आधार आहे का, आणि मूळातल्या प्रत्येक तुकड्याला माझ्याकडे वाक्य आहे का. पहिल्या तपासणीत जास्तीचं सापडतं, दुसरीत गळलेलं. ठोकताळा दादांचं "पोलीस केस" पहिल्या तपासणीत अडकलं असतं आणि दिवाणी दावा दुसरीत.

लांबलचक वाक्य तोडायला काहीच हरकत नाही. पण जिथे "कसूर केल्यास" आहे तिथे "तर" तुटता कामा नये. "चेकची रक्कम मुदतीत दिली नाही, तर तक्रार" हे एकाच वाक्यात हवं. "रक्कम द्या. तक्रार दाखल होईल." अशी दोन वाक्यं केली की पैसे दिले तरी तक्रार होणार असं वाटतं.

मी करून बघितलं ते असं:

"आमच्या अशिलाला तुमच्या न वटलेल्या चेकची रक्कम १,८५,००० रुपये द्या. ही नोटीस तुमच्या हातात पडल्यापासून १५ दिवसांच्या आत द्या. त्याशिवाय या रकमेवर, चेकच्या तारखेपासून पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत, वर्षाला १८ टक्के व्याज द्या आणि नोटिशीचा खर्च ५,५०० रुपये द्या. या दोन रकमा वेगळ्या आहेत.

चेकची रक्कम या मुदतीत दिली नाहीत, तर आमचे अशील तुमच्याविरुद्ध निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट, १८८१ च्या कलम १३८ खाली योग्य त्या कोर्टात फौजदारी तक्रार दाखल करतील. हे पैसे वसूल करण्यासाठी दिवाणी दावा लावण्याचा हक्कही त्यांनी स्वतःकडे ठेवला आहे. या सगळ्याचा खर्च आणि त्यातून जे होईल त्याची पूर्ण जबाबदारी तुमची राहील."

वहीखातं_नौपाडा

मधुराताई, खूप छान. हे काका वाचू शकतील. पण "हातात पडल्यापासून" इथे मी अडखळले, कारण काकांच्या बाबतीत नेमका तोच घोळ आहे. पाकीट १२ जूनला दुकानात आलं, पोस्टमनकडे सही दुकानातल्या मुलाने केली. काका तेव्हा गावी होते. १६ जूनला आल्यावर त्यांनी ते उघडलं. "हातात पडल्यापासून" वाचल्यावर ते नक्की १६ पासून मोजतील.

कोर्टनाका

ताई, तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंत. मूळात "प्राप्त झाल्यापासून" आहे आणि ते "हातात पडल्यापासून" पेक्षा मोठं आहे. पाकीट योग्य पत्त्यावर गेलं, दुकानातल्या माणसाने घेतलं, किंवा घ्यायला नकार दिला तरी कोर्ट ते पोचलं असं धरू शकतं. "हातात पडल्यापासून" म्हटलं की या सगळ्या शक्यता कापल्या जातात. म्हणून साधं "मिळाल्यापासून" लिहा. ते रोजच्या बोलण्यातलं आहे आणि मूळाएवढंच रुंद आहे.

आणि ठोकताळा, तुमचं नोटिशीवरच्या तारखेपासून मोजणं सावधपणाचं आहे, पण ते परिच्छेदात लिहायचं नाही. कारण कायदा मिळाल्यापासून म्हणतो, नोटीसही तेच म्हणते. नोटीस ९ जूनची असेल तर तुमच्या हिशेबाने काकांचे दिवस आधीच कमी झाले.

काकांसाठी वेगळ्या चिठ्ठीवर असं मोजा: मिळाल्याचा दिवस धरायचा नाही. १२ जूनला मिळाली तर १३ जून हा पहिला दिवस आणि २७ जून हा पंधरावा. १६ जून धरली तर १ जुलै. मी सांगेन की २७ जूनच्या आत निर्णय घ्या. १६ तारखेचा मुद्दा वकिलाला मांडू द्या, पण त्या चार दिवसांवर विसंबून राहू नका. पाकीट फेकलं नसेल अशी आशा आहे. त्यावरचा स्पीड पोस्टचा नंबर टाकून पोस्टाच्या साइटवर पोचल्याची तारीख बघता येते, ती छापून ठेवा.

चिठ्ठी वेगळी का म्हणतो? परिच्छेदात "२७ जूनपर्यंत" असं लिहिलंत तर ती तुमची गणना झाली, नोटिशीचं म्हणणं राहिलं नाही.

ऐरोलीकर

मग नोटीस घेतलीच नाही तर? आमच्या इमारतीत एकाने पोस्टमनला परत पाठवलं होतं, त्याला काही झालं नाही.

कोर्टनाका

त्याला काही झालं नाही कारण कदाचित समोरच्याने पुढे काही केलं नाही. बरोबर पत्त्यावर पाठवलेली नोटीस नाकारली तरी ती पोचली असं कोर्ट सहसा धरतं. २००७ साली सुप्रीम कोर्टाने एक वाट मात्र दाखवली आहे: नोटीस खरोखर मिळाली नव्हती असं म्हणणाऱ्याने समन्स मिळाल्यापासून १५ दिवसांत चेकची रक्कम द्यावी आणि तसं कोर्टाला सांगावं, म्हणजे तक्रार रद्द करण्याची विनंती करता येते. जो भरत नाही, त्याचं "मला नोटीसच मिळाली नाही" हे म्हणणं टिकत नाही. पण काकांच्या बाबतीत हा प्रश्न नाही, त्यांनी नोटीस वाचली आहे.

तुर्भे_गाळा

मी दुसऱ्या बाजूचा माणूस आहे, मार्केटमध्ये गाळा आहे. आम्हालाही अशा नोटिसा पाठवाव्या लागतात. खरं सांगतो, आम्हाला पैसे हवे असतात, कोर्ट नको. किरकोळ दुकानदाराला ही नोटीस नीट कळली तर निम्म्या वेळा तो फोन करून हप्ते पाडून घेतो. कळत नाही म्हणून तो गप्प बसतो आणि मग एक महिन्याच्या आत तक्रार करायची असल्याने आम्हालाही थांबता येत नाही.

माझा प्रश्न असा: मधुराताईंनी लिहिलंय तेवढं सोपं करून मूळ नोटीसच का पाठवू नये?

कोर्टनाका

पाठवता येते. कायदा म्हणतो, लेखी नोटीस देऊन चेकच्या रकमेची मागणी करा, आणि ती बँकेकडून चेक परत आल्याचं कळल्यापासून ३० दिवसांच्या आत द्या. "सबब", "सदर", "अन्वये" असलेच पाहिजेत असं कुठेही नाही. पण वकील जुना मसुदा सहजी सोडत नाहीत, कारण तो कोर्टात टिकलेला असतो. मीही आयुष्यभर तोच टाइप केला. आज कोणी विचारलं तर मधुराताईंचा मसुदा घ्या म्हणेन, "मिळाल्यापासून" ही दुरुस्ती करून.

मधुरा_वाशी

दुरुस्ती मान्य. पण मला आणखी एका जागी अडचण वाटते आणि मी ती सोडवू शकले नाही. मूळात १५ दिवसांची मुदत फक्त चेकच्या रकमेला आहे की व्याजाला आणि खर्चालाही? वाक्य एकच आहे, "१५ दिवसांचे आत ... अदा करावी, तसेच ... अदा करावा." दोन्ही प्रकारे वाचता येतं. मी मात्र ती दोन वाक्यं केली, आणि मग १५ दिवस पहिल्यालाच लागतात असं दिसायला लागलं. म्हणजे नकळत मी एक अर्थ निवडला.

ठोकताळा

मला तर १५ दिवस सगळ्यालाच लागतात असं वाटतं. एका दमात लिहिलंय ना.

कोर्टनाका

मला उलट वाटतं. पुढच्या वाक्यात "धनादेशाची रक्कम विहित मुदतीत" एवढंच म्हटलं आहे, व्याजाला मुदत आहे असं तिथे धरलेलं नाही. पण हे माझं वाचन झालं. दुसरा वकील ठोकताळा यांच्यासारखंही वाचेल.

मूळ वाक्य दुहेरी असेल तर सोप्या वाक्यातही ते दुहेरीच ठेवायचं. सोपं करणाऱ्याने तिथे न्यायाधीश व्हायचं नाही. ते एकाच वाक्यात ठेवा: "ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत चेकची रक्कम १,८५,००० रुपये द्या, तसेच त्या रकमेवर चेकच्या तारखेपासून पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत वर्षाला १८ टक्के व्याज आणि नोटिशीचा खर्च ५,५०० रुपये हे वेगळे द्या." थोडं लांब झालं, पण काकांना वाचता येईल. आणि चिठ्ठीवर वकिलासाठी एक प्रश्न लिहून ठेवा: व्याजाला मुदत आहे का?

व्याजाचा आकडाही काढून देऊ नका. १८ टक्क्याने १,८५,००० वर वर्षाचे ३३,३०० होतात, दिवसाला साधारण ९१ रुपये, हे सरळ व्याज धरून. नोटिशीत सरळ की चक्रवाढ हे लिहिलेलं नाही. तुम्ही आकडा टाकलात की तुम्ही सरळ व्याज ठरवलंत.

वहीखातं_नौपाडा

कळलं. आता मला सतावणारा दुसरा मुद्दा. काकांनी चेक दिल्यानंतर, आणि तो बँकेत टाकायच्या आधी, ४०,००० रुपये मोबाइलवरून त्या व्यापाऱ्याच्या खात्यात पाठवले होते. माझ्या वहीत नोंद आहे. मग सोप्या मराठीत "१,८५,०००" लिहायचं की "१,४५,०००"? काका म्हणतात, "मी देणं लागतो ते एवढंच."

तुर्भे_गाळा

ताई, ते ४०,००० कुठल्या बिलापोटी गेले? आमच्याकडे खातं चालू असतं. माल रोज जातो, पैसे अधूनमधून येतात. आलेले पैसे बहुतेक जण जुन्या बाकीत धरतात. व्यापारी म्हणेल, ते मागच्या दिवाळीच्या मालाचे होते, हा चेक वेगळा.

मधुरा_वाशी

सोप्या रूपात तर १,८५,००० च. नोटीस जे मागते तेच. पण मला असं वाटतं की सुरुवातीला "नोटिशीच्या म्हणण्याप्रमाणे" एवढे शब्द घालावेत. नाहीतर काकांना वाटेल की वहीखातंताईंनीच कबूल केलं की १,८५,००० देणं आहे.

कोर्टनाका

आकडा १,८५,००० च, यात शंका नाही. "म्हणण्याप्रमाणे" घालण्यावर मात्र माझं मत वेगळं आहे. परिच्छेद पाठवणाऱ्याच्या तोंडचा आहे, "आमचे अशील" म्हणून बोलतो. ते तसंच ठेवलं की वाचणाऱ्याला कळतं कोण बोलतंय. प्रत्येक वाक्यात "त्यांच्या मते" घातलं तर मागणीचा जोर कमी होतो आणि दुकानदार निर्धास्त होतो. कागदाच्या वर एक ओळ पुरे: "हे फक्त समजण्यासाठी लिहिलं आहे, मूळ नोटीसच खरी धरावी." आणि त्याला मूळ नोटिशीची झेरॉक्स जोडून स्टेपल मारा.

मधुरा_वाशी

जोर कमी होतो हे मला पटत नाही. एका ठिकाणी, सुरुवातीला घातलं तर काय बिघडतं? पण वरची ओळ ठळक असेल तर मी थांबते.

कोर्टनाका

राहू दे, यात दोन मतं असू शकतात.

४०,००० बद्दल मात्र नीट ऐका ताई, हे महत्त्वाचं आहे. सुप्रीम कोर्टाने २०२२ च्या एका निकालात म्हटलं आहे की चेक दिल्यावर आणि तो बँकेत टाकण्यापूर्वी काही रक्कम दिली गेली असेल, तर ती चेकवर नोंदवून उरलेल्या रकमेपुरताच चेक वटवायला हवा. तसं न करता पूर्ण रकमेचा चेक टाकला आणि तो परत आला, तर त्या दिवशी चेकएवढं देणं नव्हतंच, म्हणून १३८ लागत नाही. म्हणजे काकांचा मुद्दा हलका नाही. पण तुर्भे_गाळा यांनी विचारलं तेच सगळं ठरवेल: ते पैसे याच बिलाचे होते हे दाखवता येतं का? ट्रान्सफर करताना काही लिहिलं होतं का, त्यानंतर व्हॉट्सअॅपवर काही बोलणं झालं का, व्यापाऱ्याने खात्याचा उतारा पाठवला का. हा सगळा उत्तराचा भाग आहे. नोटिशीच्या सोप्या रूपात यातलं एक अक्षरही नको. तिथे १,४५,००० लिहिलं तर काका तेवढेच भरतील, निवांत होतील आणि कोर्टात व्यापाऱ्याचा हिशेब खरा ठरला तर ४०,००० मुळे पूर्ण केस उभी राहील.

ऐरोलीकर

मग उत्तर कसं लिहायचं तेही इथेच सांगा ना, काकांचा वकिलाचा खर्च वाचेल.

कोर्टनाका

उत्तर इथे लिहिणार नाही. ते काकांच्या वकिलाने कागद बघून लिहायचं. एक चुकीचं वाक्य, उदाहरणार्थ "बाकी रक्कम लवकरच देतो", पुढे कबुली म्हणून वाचलं जातं.

वहीखातं_नौपाडा

सगळ्यांचे आभार. काकांना दिला तो कागद असा झाला:

"(हे फक्त समजण्यासाठी लिहिलं आहे. मूळ नोटीसच खरी धरावी. मूळ नोटिशीची प्रत सोबत जोडली आहे.)

म्हणून तुम्हाला या नोटिशीने कळवत आहोत की, ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत आमच्या अशिलाला वर सांगितलेल्या, न वटलेल्या चेकची रक्कम १,८५,००० रुपये द्या, तसेच त्या रकमेवर चेकच्या तारखेपासून पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत वर्षाला १८ टक्के व्याज आणि या नोटिशीचा खर्च ५,५०० रुपये हे वेगळे द्या.

तुम्ही चेकची रक्कम ठरलेल्या मुदतीत दिली नाहीत, तर आमचे अशील तुमच्याविरुद्ध निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट, १८८१ च्या कलम १३८ खाली योग्य त्या कोर्टात फौजदारी तक्रार दाखल करतील. ही रक्कम वसूल करण्यासाठी दिवाणी दावा लावण्याचा हक्कही ते स्वतःकडे ठेवत आहेत. त्याचा सगळा खर्च आणि त्यातून जे होईल त्याची पूर्ण जबाबदारी तुमची राहील. याची नोंद घ्या."

काकांना कागद वाचून झाल्यावर तो बाजूला ठेवायला सांगितला आणि विचारलं, किती, कधीपासून, कधीपर्यंत, न दिल्यास काय. "कधीपासून" ला त्यांनी पटकन १६ जून म्हटलं. मग मुलाने सही केलेलं पाकीट पुढे ठेवलं आणि चिठ्ठीवरची २७ जून दाखवली. "तक्रार कशामुळे होईल" याला ते म्हणाले, "चेकचे पैसे न दिल्यामुळे. व्याजामुळे नाही." तिथे मला बरं वाटलं.

ठोकताळा

आणि ४०,००० चं?

वहीखातं_नौपाडा

ट्रान्सफर करताना त्यांनी काहीच लिहिलेलं नाही. त्याच दिवशी सकाळी व्यापाऱ्याच्या माणसाचा व्हॉइस मेसेज आहे, "चेक टाकायच्या आधी थोडे तरी पाठवा" असा. तो याच चेकबद्दल आहे की नाही यावर काका आणि त्यांचा मुलगा यांच्यातच एकमत नाही. उद्या वकिलांकडे जाताना फोन, पाकीट, बँकेचा मेमो आणि माझी वही असं सगळं नेणार आहेत.

तुर्भे_गाळा

तो मेसेज कोणी डिलीट करू नका, दुसऱ्या फोनवरही पाठवून ठेवा. आणि वकिलांना आधी हेच विचारा की २७ च्या आत १,८५,००० चा डिमांड ड्राफ्ट "हक्क राखून" देता येतो का. माझ्या एका गिऱ्हाइकाने तसा दिला होता आणि ४०,००० सारखाच वाद आम्ही नंतर बसून मिटवला.